घर भरलेलं, टीव्ही एकच : चोवीस जणांचे तीन खेळ

(या आठवड्याच्या भागाचं लेखी रूप. बोलण्याचा सूर तसाच ठेवलाय.)

गणपती, दिवाळी, मे महिना, कुणाचं तरी साठीशांत. कारण काहीही असो, घरात वीस-पंचवीस माणसं जमतात आणि दुपारची जेवणं झाली की प्रश्न येतो, ‘आता काय करायचं?’ हॉलमध्ये टीव्ही एक. लहान मुलांना कार्टून हवंय, काकांना मॅच, आजीला तिची मालिका. शेवटी रिमोट कुणाकडे तरी जातो आणि बाकीचे आपापल्या फोनमध्ये. आज आपण त्या एका टीव्हीवर सहा वर्षांच्या मुलीपासून अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजोबांपर्यंत सगळ्यांना एकत्र खेळता येतील अशा तीन खेळांबद्दल बोलू. आमच्या चिपळूणजवळच्या घरी गणपतीत आम्ही हे खेळतो. माणसं चोवीस, आणि खेळ चालवायला मी पंचविसावा.

आधी एक साधा हिशोब. मोठ्या घोळक्यात खेळ मरतो तो कंटाळवाणा असतो म्हणून नाही, थांबावं लागतं म्हणून. व्हिडिओ गेमचे दोन रिमोट आणि माणसं चोवीस, म्हणजे बावीस जण बघे. नेहमीचा दमशेराज घ्या. एक जण उठतो, दोन मिनिटं अभिनय करतो, त्याची टीम ओळखते. बारा पाळ्या म्हटल्या तरी चोवीस मिनिटं जातात. त्यात प्रत्यक्ष उठून काही करणारे बाराच, तेही प्रत्येकी दोन मिनिटं. उरलेल्या बारांतले तीन-चार आवाजी लोक ओरडून उत्तरं देतात. बाकीचे हळूच सुटतात. आधी मामी ‘चहा टाकते’ म्हणून उठतात, मग आजोबा ‘जरा आडवा होतो’ म्हणतात. कुणी भांडत नाही, तक्रार करत नाही. अर्ध्या तासानं बघावं तर खेळायला फक्त चुलतभावंडं उरलेली.

दुसरा शत्रू म्हणजे ‘जो आधी ओरडेल त्याचा पॉइंट’ हा नियम. सोळा वर्षांच्या मुलाला उत्तर सुचणं आणि तोंडातून निघणं यात अंतरच नसतं. आजीला उत्तर माहीत असतं, पण ‘अरे तो हा, तो...’ म्हणेपर्यंत पॉइंट गेलेला असतो. असं तीनदा झालं की आजी उत्तर द्यायचं बंद करते. म्हणून आमच्याकडे दोन गोष्टी पक्क्या आहेत. टीव्हीवर फक्त प्रश्न दिसणार, खेळायचं टीव्हीच्या बाहेर. आणि उत्तर सगळ्यांनी एकदम द्यायचं, वेगाला मार्क नाहीत.

मोबाइल हाच रिमोट करायचे पार्टी गेम्स तुमच्यातल्या काहींना माहीत असतील. टीव्हीवर चार अक्षरी कोड येतो, प्रत्येक जण आपल्या फोनवर तो टाकतो आणि खेळात शिरतो. जॅकबॉक्सचे गेम्स या प्रकारचे. मित्रांच्या खोलीत ते झकास चालतात. पण त्यातल्या बऱ्याचशा खेळांत खेळाडू आठच, बाकीच्यांनी प्रेक्षक म्हणून मत द्यायचं. प्रत्येक फोनला नेट हवं आणि प्रश्नांतले विनोद इंग्रजीतले. आमच्या घरात पावसात एकाच खिडकीत रेंज येते आणि आजोबांकडे बटणांचा फोन आहे. तर ते बाजूला ठेवू.

आता टीव्हीची जोडणी, कारण निम्मे बेत इथंच फसतात. फोनची स्क्रीन टीव्हीवर टाकायची तर बहुतेक वेळा दोन्ही एकाच वायफायवर लागतात. टाइप-सी ते एचडीएमआय वायर घ्यावी तर सगळ्याच फोनच्या टाइप-सीमधून चित्र बाहेर जात नाही. विकत घेण्याआधी आपल्या फोनला ते जमतं का बघा. सगळ्यात बिनधोक उपाय म्हणजे पेन ड्राइव्ह. टीव्हीला मागे यूएसबीची खाच असली की बहुतेक टीव्ही त्यातले फोटो दाखवतात. प्रेझेंटेशनची फाइल मात्र अनेक टीव्ही उघडत नाहीत. म्हणून स्लाइड्स फोनवर किंवा लॅपटॉपवर बनवा आणि प्रत्येक स्लाइड चित्र म्हणून सेव्ह करा. फाइलला नाव देताना `1.jpg`, `2.jpg` असं देऊ नका, `01.jpg`, `02.jpg` असं द्या. नाहीतर काही टीव्ही एकनंतर थेट दहावर उडी मारतात आणि खेळाच्या मध्यात उत्तर आधी, प्रश्न नंतर असा घोळ होतो. पुढची स्लाइड टीव्हीच्याच रिमोटच्या उजव्या बाणानं येते, म्हणजे फोन मोकळा राहतो.

फोनच जोडणार असाल तर सूचना बंद करा, ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा. आमच्या एका चुलतभावानं ते केलं नव्हतं. चोवीस माणसांसमोर टीव्हीवर बँकेचा मेसेज आला, शिल्लक रकमेसकट. त्या दिवशीचा सगळ्यात मोठा हशा तोच होता, पण त्याच्यासाठी नाही.

स्लाइडवर अक्षरं मोठी हवीत. एका स्लाइडवर तीन-चार शब्दांपेक्षा जास्त नको. काळ्या पार्श्वभूमीवर पिवळी किंवा पांढरी अक्षरं करा आणि हॉलच्या मागच्या भिंतीपाशी बसून वाचून बघा. समोरच्या ट्यूबलाइटची तिरीप स्क्रीनवर पडत असेल तर ती आधीच बंद करा.

पहिला खेळ : उलटा दमशेराज

नेहमीच्या दमशेराजमध्ये एक जण करतो आणि टीम ओळखते. इथं सगळी टीम करते आणि एक जण ओळखतो. ओळखणाऱ्याची खुर्ची टीव्हीला अगदी लागून, टीव्हीकडे पाठ करून ठेवायची. समोर त्याच्या टीममधले उरलेले अकरा जण. त्यांना शब्द दिसतो, ओळखणाऱ्याला फक्त माणसं दिसतात. शब्द ओळखला की मी बाण दाबतो, पुढचा शब्द. वेळ साठ सेकंद. दुसऱ्या टीमलाही शब्द दिसतो, त्यामुळे पाळी नसतानाही तिची करमणूक चालू राहते.

हिशोब परत करू. बारा पाळ्या, एकेका मिनिटाच्या. मधली उठबस अर्धा मिनिट धरली तर अठरा मिनिटांत खेळ संपतो. त्यात प्रत्येक माणूस पाच ते सहा मिनिटं प्रत्यक्ष हातवारे करतो. मघाच्या चोवीस मिनिटांत निम्म्या लोकांना एकदाही उठायला मिळत नव्हतं. शिवाय घोळक्यात अभिनय करायला कुणी लाजत नाही. ज्या मामी एकट्यानं उभ्या राहिल्या नसत्या, त्या अकरा जणांत मिसळून मस्त डास मारतात. गुडघे दुखणारे बसूनच करतात.

ओळखायला आजोबांना बसवा. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून बहुतेक खेळांतून ते आपोआप बाहेर पडतात. इथं ऐकायचं काहीच नाही. अकरा माणसं त्यांच्याकडे तोंड करून मोठमोठे हावभाव करताहेत आणि त्यांनी फक्त बोलायचंय.

सगळा खेळ शब्दांवर आहे. सिनेमांची नावं नकोत. आजोबांचा सिनेमा नातीला माहीत नाही, नातीचा आजोबांना नाही. सहा वर्षांच्या मुलीला शरीरानं करून दाखवता येईल अशी कामं आणि गोष्टी निवडा. डोसा उलथणं, डास मारणं, गर्दीच्या लोकलमध्ये चढणं, विहिरीतून पाणी काढणं, नारळ फोडणं, मांजर, फुगडी, सुईत दोरा ओवणं, गणपतीचं विसर्जन. ‘प्रामाणिकपणा’ असले शब्द टाकले की अकरा माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. शब्दासोबत छोटं चित्र टाका, म्हणजे वाचता न येणारी नात आणि देवनागरी न वाचता येणारी परदेशातली भाचरं, दोघांचीही सोय होते. एका मिनिटात साधारण चार-पाच शब्द होतात. बारा पाळ्यांना साठ, वर वीस राखीव. म्हणजे ऐंशी स्लाइड्स. दोघं बसलात तर एका संध्याकाळचं काम.

यात फसतं कुठे? आरशात. टीमच्या मागे काचेचं शोकेस असेल तर ओळखणाऱ्याला त्यात टीव्ही दिसतो. आमच्याकडे एक भाऊ सलग सात शब्द न अडखळता सांगत सुटला तेव्हा आम्ही मागे वळून बघितलं. तेव्हापासून शोकेसवर चादर. कुणी ओळखणारा समोरच्यांच्या चेहऱ्याऐवजी एकाच जागी टक लावून बघायला लागला की समजा, कुठेतरी काच आहे.

दुसरा खेळ : फोटोचा तुकडा

या खेळाला घरातले बारा फोटो लागतात. चार अगदी जुने, कृष्णधवल किंवा रंग उडालेले. चार तुमच्या लहानपणचे. चार गेल्या वर्षा-दोन वर्षांतले. प्रत्येक फोटोच्या चार स्लाइड्स करायच्या. पहिलीत नुसता एक तुकडा, म्हणजे मनगटावरचं घड्याळ, साडीचा काठ, पायरीवरची चप्पल. दुसरीत थोडा मोठा भाग, तिसरीत निम्मा फोटो, चौथीत पूर्ण फोटो आणि उत्तर. फोनच्या गॅलरीतल्या क्रॉपनं हे होतं, फक्त दर वेळी मूळ फोटोची कॉपी करून कापा.

चोवीस जणांच्या सहा-सहाच्या चार टीम करायच्या. प्रत्येक टीमला एक पाटी आणि खडू. तुकडा दिसला की अर्धा मिनिट कुजबुज, मग पाटीवर लिहायचं आणि मी ‘वर’ म्हटलं की चारही पाट्या एकदम वर. पहिल्या तुकड्यावर ओळखलं तर तीन गुण, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर एक. पाटीवर उत्तर बदलता येतं, पण गुण त्या वेळच्या स्लाइडचेच. पाटी हीच इथं जादू आहे. ओरडण्याला काही किंमत उरत नाही आणि ‘अरे तो हा, तो...’ म्हणायला आजीला अर्धा मिनिट मिळतो.

एक फोटो सांगतो. पहिली स्लाइड : लाकडी खांब आणि त्याला टेकलेला एक हात, हातात पितळी तांब्या. तीन पाट्यांवर ‘आजोबा’. चौथ्या पाटीवर आमच्या नऊ वर्षांच्या भाचीनं लिहिलं होतं ‘जुनं घर’, कारण तो खांब आता आमच्या गोठ्यात आहे आणि ती रोज त्याला धरून गोल फिरते. दुसऱ्या स्लाइडला आजीनं टीमला सांगितलं, आजोबा डावखुरे नव्हते, हा डावा हात आहे. हे तर त्यांचे धाकटे भाऊ. जागा ओळखली नऊ वर्षांच्या मुलीनं, माणूस ओळखला आजीनं. आमच्या वयाच्या कुणालाही दोन्ही आलं नसतं.

जुन्या फोटोचा फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा, खिडकीच्या उजेडात, उजेड बाजूनं येईल असा धरा. अल्बमच्या प्लास्टिकमधून निघत असेल तरच बाहेर काढा, चिकटला असेल तर ओढू नका, फाटतो. सगळे फोटो आधी घरातल्या एका मोठ्या माणसाला एकट्यात दाखवा. नुकतंच कुणी गेलेलं असतं, कुणाचं लग्न मोडलेलं असतं, कुणाला आपला जुना फोटो चोवीस जणांसमोर नको असतो. त्यांनी नको म्हटलेला फोटो काढून टाका, कारण विचारू नका.

आणि एक काम याच वेळी उरकून घ्या. पूर्ण फोटो टीव्हीवर आला की फोनचं रेकॉर्डिंग चालू करा आणि आजीला विचारा, ‘डावीकडून नावं सांग.’ वीस सेकंद पुरतात. आमच्या एका फोटोत अकरा माणसं आहेत आणि त्यातल्या सहांची नावं आता फक्त आजीला सांगता येतात. ते रेकॉर्डिंग फोटोच्याच नावानं सेव्ह करा, `07.jpg` बरोबर `07.m4a`, म्हणजे दोन वर्षांनीही जोडी लागते.

तिसरा खेळ : अंदाज आणि चिंचोके

हा खेळ मूळचा माझा नाही. ‘विट्स अँड वेजर्स’ नावाचा एक अमेरिकन बोर्ड गेम २००५ साली आला, त्यातली युक्ती घेऊन आम्ही घरचे नियम बसवलेत. प्रश्न असा असतो की उत्तर एक आकडा आहे आणि तो कुणालाच नेमका माहीत नाही. आधी टीम अंदाज लिहिते, मग प्रत्येक माणूस, आपल्या किंवा दुसऱ्याच्या, कुठल्याही अंदाजावर चिंचोके लावतो. म्हणजे उत्तर येत नसलं तरी चालतं. कुणाला येत असेल हे ओळखता आलं की झालं.

सविस्तर बघू. प्रश्न टीव्हीवर : दख्खनची राणी पहिल्यांदा कोणत्या वर्षी धावली? चार पाट्या वर येतात : १९३५, १९१०, १९५२, १९२८. मी त्या जमिनीवर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत मांडतो. १९१०, १९२८, १९३५, १९५२. मधल्या दोन पाट्यांवर लावलेल्या चिंचोक्याला दोन मिळतात, कडेच्या दोन पाट्यांवर तीन, कारण तिथं लावायला धाडस लागतं. प्रत्येकाकडे सुरुवातीला दोन चिंचोके. आता हॉलमध्ये खरी मजा सुरू होते. नात म्हणते, १९२८ ची पाटी आजोबांच्या टीमची आहे, ते रेल्वेत होते, मी दोन्ही तिथंच लावणार. काका म्हणतात, इंग्रजांनी आधीच सुरू केली असणार, १९१०. मग बाण दाबायचा. उत्तर १९३०. सगळ्यात जवळचा अंदाज १९२८. नातीच्या दोन चिंचोक्यांचे चार झाले, काकांचे गेले.

पण गेले म्हणजे काका बाहेर नाहीत. पहिले दोन चिंचोके कधीच कायमचे जात नाहीत, पुढच्या प्रश्नाला ते परत मिळतात. जिंकलेलेच काय ते हरता येतात. मूळ खेळातही खेळाडूच्या हातात लावायला कायम काहीतरी उरतं. हा नियम गाळलात तर तिसऱ्या प्रश्नाला लहान मुलं रिकाम्या हातानं बसतील आणि रडारड सुरू होईल.

दहा प्रश्न पुरतात. आमच्याकडचे तीन देतो. मुंबई दूरदर्शन कोणत्या साली सुरू झालं? १९७२. कळसूबाईची उंची किती मीटर? १६४६. ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर कधी आला? १९१३. पण निम्मे प्रश्न घरचेच ठेवा. अंगणातल्या माडाला आत्ता किती नारळ आहेत, आज सकाळी किती मोदक झाले, दारात चपलांचे जोड किती. हे आकडे खेळाआधी कुणालातरी खरंच मोजायला लावा. मोदकांच्या प्रश्नाला स्वयंपाकघरातली मंडळी हमखास जिंकतात, आणि एरवी खेळात नसलेली ही माणसं त्या एका प्रश्नासाठी तरी पदर खोचून हॉलमध्ये येऊन बसतात. तेवढ्यावर समाधान मानू नका. चहाची वेळ खेळाच्या आधी ठेवा आणि भांडी खेळानंतर सगळ्यांनी मिळून घासा. नाहीतर चोवीस जणांचा खेळ वीस जणांचाच होतो.

टीम कशा करायच्या, एवढं सांगून थांबतो. ‘लहान विरुद्ध मोठे’ किंवा ‘बायका विरुद्ध पुरुष’ करू नका. सगळ्यांना वयानं ओळीत उभं करा आणि एक-दोन-तीन-चार असे आकडे देत जा. एकवाले एका टीममध्ये, दोनवाले दुसऱ्या. प्रत्येक टीममध्ये आपोआप तिन्ही पिढ्या येतात आणि नवरा-बायको, सख्खी भावंडं बऱ्यापैकी विखुरली जातात. दमशेराजसाठी दोन-दोन टीम जोडा. तिन्ही खेळ एकाच दुपारी खेळायचे तर क्रम असा ठेवा : आधी दमशेराज, कारण त्यात लाज जाते. मग फोटो, कारण तेव्हा सगळे दमून खाली बसलेले असतात. शेवटी चिंचोके. सगळं मिळून दोन तास धरा. आणि कुणी ‘अजून एक’ म्हणत असतानाच टीव्ही बंद करा.

या गणपतीत खेळलात तर तुमच्या घरच्या आकड्यांचे प्रश्न मला नक्की पाठवा. आमचे माडाचे नारळ आता सगळ्यांना पाठ झालेत. भेटू पुढच्या भागात!